एकच व्हिडिओ, एकच बॉल आणि e ची तीन उत्तरं

तर झालं असं की एफवायच्या फिजिक्स प्रॅक्टिकलला सरांनी यावेळी नेहमीचं पेंडुलम आणि स्क्रू गेज सोडून एक घरी करायचं काम दिलं. कुठलाही बॉल घ्या, उंचावरून सोडा, मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि त्यातून कोएफिशियंट ऑफ रेस्टिट्यूशन काढून आणा. दोघादोघांच्या जोड्या, एक आठवडा. ऐकून आम्हाला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे, बॉल टाकायचा, मोजायचं, भागाकार करायचा, जर्नलमध्ये उतरवायचं. प्रत्यक्षात चार दिवस गेले आणि शेवटी माझ्याकडे एक उत्तर, पार्टनरकडे दुसरं, आणि दोघंही शपथेवर सांगतोय की व्हिडिओ तोच आहे.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात, e म्हणजे टप्पा पडल्यावर बॉल ज्या वेगाने वर उडतो तो वेग भागिले टप्पा पडायच्या आधीचा वेग. १ आला तर बॉल सोडला तितकाच परत वर येणार (असा बॉल नसतो), ० आला तर ओल्या मातीचा गोळा, पडला की चिकटला. आता वेग थेट मोजायचा म्हणजे कटकट, म्हणून दोन पळवाटा आहेत. उंची वेगाच्या वर्गाप्रमाणे जाते, म्हणून पुढच्या टप्प्याची उंची भागिले आधीची उंची आणि त्याचं वर्गमूळ. किंवा एका टप्प्यापासून पुढच्या टप्प्यापर्यंतचा वेळ घ्यायचा, तो वेगाच्या सरळ प्रमाणात असतो त्यामुळे तिथे वर्गमूळ पण लागत नाही.

```
e = sqrt(h2/h1)
e = T2/T1
```

बॉल म्हणून आमच्या गल्ली क्रिकेटचा टेनिस बॉल घेतला, एका बाजूची लव पार गेलेली. जागा आमच्या बिल्डिंगचं पार्किंग, खाली कोटा फरशी. भिंतीवर मेझरिंग टेप चिकटपट्टीने उभी लावली, बरोबर दीड मीटरवर एक लाल टेपची पट्टी मारली, फरशीवर भिंतीपासून वीसेक सेंटीमीटर पुढे खडूने फुली काढली आणि त्या फुलीवर बॉल पाडायचा असं ठरलं. भिंतीला अगदी चिकटून टाकला तर टप्पा पडून बॉल भिंतीला घासतो, ते पहिल्या दोन प्रयत्नात कळलं म्हणून वीस सेंटीमीटर. हे वीस सेंटीमीटर लक्षात ठेवा, पुढे त्यांनी आम्हाला चांगलंच रडवलं. मोबाईल भिंतीपासून तीन मीटरवर, स्टूलवर दोन पुठ्ठ्याची खोकी आणि त्यावर उभा.

पहिला व्हिडिओ संध्याकाळी काढला, साधा ३० एफपीएसचा, आणि लॅपटॉपवर एकेक फ्रेम पाहिली तर बॉल दिसतच नाही, दिसते एक हिरवट लांबुळकी रेघ. हिशोब केला तेव्हा कळलं का ते. दीड मीटरवरून पडलेला बॉल जमिनीपाशी साधारण सेकंदाला ५.४ मीटरने येतो, आणि कमी उजेडात मोबाईल एकेका फ्रेमसाठी शटर सेकंदाचा साठावा भाग वगैरे उघडं ठेवतो, तेवढ्यात बॉल ९ सेंटीमीटर सरकलेला असतो. म्हणजे बॉलच्या स्वतःच्या आकारापेक्षा जास्त. त्यात दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंदांचं अंतर, त्यामुळे टप्पा नेमका कधी पडला ते दोन फ्रेमच्या मधेच कुठेतरी हरवून जातं. पहिल्या उड्डाणाला २४ किंवा २५ फ्रेम, दुसऱ्याला १८, आता १८ भागिले २४ केलं तर ०.७५ आणि १८ भागिले २५ केलं तर ०.७२. एका फ्रेमच्या शंकेने एवढा फरक, मग उरलेलं मोजण्यात काही अर्थच नाही.

मग स्लो मोशन, २४० एफपीएस. तो रात्री ट्यूबलाईटखाली काढला आणि अख्खा व्हिडिओ लुकलुकायला लागला, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, डोळ्याला कळत नाही पण २४० फ्रेमवाल्या कॅमेऱ्याला छान कळतं. बॉल एका फ्रेमला पांढरा, पुढच्याला काळपट. सॉफ्टवेअर तो आपोआप शोधत असतं त्याचा पार गोंधळ उडाला. शेवटी रविवारी सकाळी दहाला, पार्किंगमध्ये तिरपं ऊन येतं त्या वेळी पुन्हा मांडामांड केली. तेव्हा वॉचमनकाका येऊन विचारून गेले की भिंतीला रंग लावताय का.

बॉल सोडणं ही पण एक कला आहे हे कुणी सांगत नाही. मुठीत धरून सोडला की बोटं घासून तो फिरतो आणि फिरणारा बॉल टप्पा पडला की बाजूला पळतो, मग दुसरा टप्पा फुलीपासून हातभर लांब. अंगठा आणि एका बोटाच्या चिमटीत धरून एकदम सोडला तर बऱ्यापैकी सरळ पडतो. नवव्या वेळी असा एक पडला की पाच टप्पे जवळपास एकाच जागी. तोच व्हिडिओ ठेवला. पुढचं सगळं रामायण त्या एका व्हिडिओचं.

सॉफ्टवेअर म्हणून Tracker वापरलं, फुकट आहे, फिजिक्सच्या शिक्षणासाठीच बनवलेलं आहे आणि अशा कामाला बहुतेक कॉलेजांत हेच सांगतात. व्हिडिओ उघडायचा, टेपवर Calibration Stick ठेवून सांगायचं की हे एवढं म्हणजे एक मीटर, अक्षांचा शून्य कुठे ते ठेवायचं, मग Point Mass बनवून शिफ्ट दाबून प्रत्येक फ्रेममध्ये बॉलवर क्लिक करत जायचं किंवा Autotracker ला कामाला लावायचं. शून्य मी कुठे ठेवला? अर्थात फरशीवर, खडूच्या फुलीवर. जमिनीपासून उंची मोजायची म्हणजे शून्य जमिनीवरच असणार ना, यात विचार काय करायचा. आणि क्लिक कुठे करायचं, तर बॉलच्या मधोमध.

एक खात्री म्हणून पहिल्या उड्डाणाच्या बिंदूंवर पॅराबोला बसवून बघितला, कारण त्यातल्या A ची, म्हणजे वेळेच्या वर्गाला गुणणाऱ्या आकड्याची, दुप्पट म्हणजे g यायला पाहिजे. आला ०.१६. मी पार्टनरला म्हटलं अरे चंद्रावर पण १.६ असतो, आपण नक्की कुठे राहतो. पाच मिनिटं हसलो आणि मग लक्षात आलं की स्लो मोशनची फाईल मोबाईलने ३० एफपीएसची म्हणून सेव्ह केलीय, म्हणजे पडद्यावर सावकाश दिसावी म्हणून. सॉफ्टवेअर बिचारं फाईलवर लिहिलंय ते खरं धरणार. वेळ आठपट ताणला गेला आणि g मध्ये वेळेचा वर्ग असतो म्हणून चौसष्टपट घोळ. Clip Settings मध्ये जाऊन फ्रेम रेट २४० केला आणि ०.१६४ चा १०.५ झाला.

आता १०.५ बघून खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण ०.१६ नंतर १०.५ इतका सुंदर दिसतो ना, की आम्ही म्हटलं चला जवळ आलं, प्रॅक्टिकलमध्ये सात टक्के चालतात, पुढे चला.

सोडल्यापासून प्रत्येक वेळची सगळ्यात वरची उंची मी वाचून घेतली. १.६४ मीटर, मग ०.९१, मग ०.५२, मग ०.३०. वर्गमुळं काढली तर e आला ०.७४५, ०.७५६ आणि ०.७६०. म्हणजे बघा, टप्प्यागणिक वाढतोय! मी नेटवर वाचलं होतं की बॉल जितका जोरात आदळतो तितका तो जास्त दबतो आणि जास्त ऊर्जा खातो, म्हणजे कमी वेगाला e थोडा जास्त असतो, आणि हे खरंच आहे, टेनिस बॉलच्या बाबतीत तर मोजलेलं आहे. इथे माझ्या आकड्यांत तेच दिसत होतं. जर्नलमध्ये निष्कर्षात मी निळ्या पेनने टेचात लिहून टाकलं की आघाताचा वेग कमी होतो तसा e वाढतो असे आढळून आले. वर आलेख पण काढला, तीन बिंदू आणि त्यातून चढती रेघ.

पार्टनरने वेगळाच रस्ता घेतला. तो म्हणाला पहिल्या टप्प्याआधीचा वेग उंचीवरून काढू आणि नंतरचा वेग वेळेवरून, म्हणजे एकाच टप्प्याचा e मिळेल. व्हिडिओतून सोडायची उंची १.६४ घेतली, तिथून पडायला लागणारा वेळ g ९.८ धरून ०.५७९ सेकंद, त्याची दुप्पट १.१५७, आणि पहिल्या दुसऱ्या टप्प्यामधला वेळ व्हिडिओत ०.८१७ सेकंद. भागाकार ०.७०६.

आणि मग मी नुसते फ्रेम मोजले. टप्पा पडताना बॉल पहिल्यांदा फरशीला टेकतो त्या फ्रेमचे नंबर, २१२, ४०८, ५५३, ६६०, ७३९. मधली अंतरं १९६, १४५, १०७, ७९. एकेकाला आधीच्याने भागलं तर ०.७४०, ०.७३८, ०.७३८. इथे वाढ नाही, घट नाही, काही नाही, सपाट.

म्हणजे एका व्हिडिओतून ०.७१ पण येतोय, ०.७४ पण, आणि ०.७४५ वरून ०.७६ पर्यंत चढणारा पण. पार्टनर म्हणाला तिघांची सरासरी काढून टाकू. खरं सांगतो, मी पण दोन मिनिटं तयार झालो होतो.

सोमवारी सरांना जर्नल दाखवलं. सरांनी चढती रेघ बघितली, चष्मा वर सारला आणि एवढंच विचारलं, "बॉल जमिनीवर नुसता ठेवला, हलत नाहीये, तर तुझं हे Tracker उंची किती दाखवेल?" मी म्हटलं शून्य सर. ते म्हणाले, "बघून सांग." बस्स, पुढच्या जोडीकडे गेले.

व्हिडिओच्या शेवटी बॉल उड्या मारून थकून फरशीवर नुसता पडलेला होता, तिथली फ्रेम उघडली. उंची ३.५ सेंटीमीटर. अर्थातच! मी क्लिक करतोय बॉलच्या मध्यावर आणि मध्य जमिनीपासून कायम त्रिज्येइतका वर असतो, जमिनीला तो कधी टेकतच नाही. बॉल मध्यावरून बघितला तर तो दीड मीटर पडतोच, पण शून्यापर्यंत नाही, ३.५ पर्यंत. म्हणजे माझ्या प्रत्येक उंचीत साडेतीन सेंटीमीटर फुकटचे मिसळलेले होते.

आणि यातली गंमत अशी की हे फुकटचे साडेतीन १६४ मध्ये मिसळले तर कुणाला पत्ता लागत नाही, पण ३० मध्ये मिसळले की दहा टक्क्यांच्या वर जातात. म्हणून चूक प्रत्येक टप्प्यागणिक फुगत जाते आणि e वाढतोय असा भास होतो. मी ज्याला फिजिक्सचा शोध समजत होतो ती बॉलची त्रिज्या होती. सगळ्यांतून ३.५ वजा केले, १६०.५, ८७.५, ४८.५, २६.५, पुन्हा वर्गमुळं काढली, ०.७३८, ०.७४५, ०.७३९. चढती रेघ गायब, आणि फ्रेम मोजून आलेल्या उत्तराशी जुळलं.

इथे एक बारीक गोष्ट, शून्य ठरवायला टप्प्याच्या क्षणाची फ्रेम घेऊ नका असं पार्टनरचं म्हणणं आणि ते बरोबर निघालं. त्या क्षणी बॉल दबलेला असतो, मध्य थोडा खाली गेलेला असतो, आणि जोरात पडला तर जास्त, हळू पडला तर कमी, म्हणजे प्रत्येक टप्प्याला वेगळा शून्य मिळेल. शेवटी थांबलेला बॉल घ्यायचा, तो खोटं बोलत नाही. आणि अक्षांचा शून्य सरळ त्या थांबलेल्या बॉलच्या मध्यावर ठेवला की वजाबाकी करायची पण गरज उरत नाही.

पण पार्टनरचा ०.७०६ अजून तसाच लटकत होता. आणि तिथेच मला ते १.६४ खुपायला लागलं. आम्ही बॉलचा तळ लाल पट्टीला लावून सोडला होता, पट्टी दीड मीटरवर, मध्य त्याच्यावर ३.३ सेंटीमीटर, म्हणजे Tracker ने १.५३ दाखवायला हवं. हे ११ सेंटीमीटर जादा आले कुठून? आणि त्या हिशोबाने टेनिस बॉलची त्रिज्या पण ३.५ नाही, ३.३ असते. सगळंच थोडं थोडं मोठं दिसतंय. g पण मोठा.

दोन तास आम्ही टेपला दोष दिला, मग Calibration Stick ला, पार्टनर तर म्हणाला की मोबाईलची लेन्सच वाकडी आहे. शेवटी कळलं ते वीस सेंटीमीटर. टेप भिंतीवर, कॅमेऱ्यापासून तीन मीटर. बॉल भिंतीच्या पुढे, कॅमेऱ्यापासून २.८ मीटर. जवळची वस्तू मोठी दिसते, हे शाळेतल्या पोराला पण माहिती आहे, पण तेच आपल्या व्हिडिओत झालंय हे डोक्यात येत नाही. ३ भागिले २.८ म्हणजे १.०७१. मग १.५३ गुणिले १.०७१ बरोबर १.६४. त्रिज्या ३.३ ची ३.५. आणि ९.८ चा १०.५. एका फटक्यात तिन्ही जुळले, तेव्हा आम्ही दोघं लॅबच्या बाहेरच्या जिन्यात टाळ्या देत होतो आणि सीनियर बघत होते.

म्हणजे g आम्हाला पहिल्याच दिवशी ओरडून सांगत होता की तुमचं स्केल सात टक्के खोटं आहे आणि आम्ही म्हटलं सात टक्के चालतात.

आता प्रश्न असा की स्केल खोटं होतं तर माझं उंचीवालं उत्तर बरोबर कसं आलं. कारण तिथे उंची भागिले उंची आहे. दोन्हीत तोच १.०७१ आहे, वर खाली कापला जातो. पाहिजे तर तुम्ही टेप न लावता पिक्सेलमध्ये मोजा, e तोच येणार. फ्रेमचं पण तसंच, वेळ भागिले वेळ, फ्रेम रेट ३० लिहिला काय आणि २४० लिहिला काय, १४५ भागिले १९६ तेवढंच राहतं. पण पार्टनरने केलं ते मिसळ होतं, उंची एका बाजूला, सेकंद दुसऱ्या बाजूला आणि मधे पुस्तकातला ९.८. तिथे काहीच कापलं जात नाही, स्केलची चूक, फ्रेम रेटची चूक, त्रिज्या, सगळं जसंच्या तसं उत्तरात उतरतं. त्याने १.६४ च्या जागी टेपने मोजलेलं १.५० घातलं आणि लगेच ०.७३८ आला. आणि आणखी एक मजा, १.६४ मधून त्रिज्या वजा करून १.६०५ घेतलं आणि पुस्तकातल्या ९.८ ऐवजी व्हिडिओतूनच आलेला खोटा १०.५ वापरला तरी ०.७३९ येतो, कारण मग दोन्हीकडे एकच खोटं आहे आणि ते एकमेकांना खाऊन टाकतं.

कापली जात नाही ती चूक म्हणजे शून्याची चूक. गुणाकाराची चूक भागाकारात मरते, बेरजेची चूक मरत नाही. हे वाक्य सरांचं आहे, मी माझं म्हणून खपवणार होतो पण जाऊ दे.

मग मला शंका आली की वेळेच्या पद्धतीत पण अशी एखादी बेरजेची चूक लपलेली असेल. आणि आहे. बॉल फरशीला टेकला की लगेच उडत नाही, दबतो आणि मग सुटतो, टेनिस बॉलला यात पाचेक मिलिसेकंद जातात, म्हणजे आमच्या २४० एफपीएसमध्ये एक फ्रेम, जेमतेम. मी टेकल्यापासून टेकेपर्यंत मोजलं, म्हणजे प्रत्येक उड्डाणात ही एक फ्रेम फुकटची मिसळलेली. वेळेची त्रिज्याच म्हणा ना. वजा करून बघितलं, १९५, १४४, १०६, ७८, तर e साधारण ०.००२ ने कमी होतो. म्हणजे चूक त्याच जातीची पण इथे इतकी बारीक की मोजण्याच्या शंकेतच बुडून जाते. उंचीत १०० मध्ये तीन-चार अशी मिसळ होती, वेळेत २०० मध्ये एक.

एरर कसा लिहायचा यावर पण आम्ही बराच वेळ घातला. टप्प्याची फ्रेम ओळखण्यात आपण एखाद्या फ्रेमने चुकू शकतो, म्हणून प्रत्येक अंतर एक फ्रेम कमीजास्त धरलं. त्यात १४५ भागिले १९६ ची शंका साधारण ०.००६ येते, पण ७९ भागिले १०७ ची ०.०१२, कारण आकडे लहान होत गेले की तीच एक फ्रेम जास्त भारी पडते. तीन गुणोत्तरांची सरळ सरासरी काढण्यापेक्षा पहिलं आणि शेवटचं अंतर घेतलं, ७९ भागिले १९६, मधे तीन टप्पे म्हणून घनमूळ. ०.७३९ आणि शंका ०.००३. घनमुळाने शंका तिसऱ्या हिश्श्यावर येते. मधले दोन आकडे वाया जातात खरे पण त्यांच्यावरून निदान एवढं कळतं की मधे e कुठे उडी मारत नाहीये.

आणि यातच माझ्या त्या निळ्या निष्कर्षाचं उत्तर होतं. कमी वेगाला e वाढतो हे खरं असलं तरी आमच्या व्हिडिओत ते दिसूच शकत नाही, कारण शेवटच्या गुणोत्तरातच ०.०१२ ची शंका आहे. त्याच्यापेक्षा लहान वाढ असेल तर ती असून नसल्यासारखी. ती बघायची तर दोन मजल्यांवरून वगैरे बॉल टाकायला हवा आणि मग हवेचा विरोध मधे येतो, तो आमच्या दीड मीटरला अगदी थोडा आहे पण वेग वाढला की भराभर वाढतो. टेबल टेनिसचा बॉल घेतला असता तर दीड मीटरला पण त्याने धुमाकूळ घातला असता, २.७ ग्रॅमचा बॉल, हवा त्याला ढकलूनच लावते, आणि मग उंची कमी झाली ती फरशीमुळे की हवेमुळे हे वेगळं करता येत नाही. आमच्या शेजारच्या जोडीने तोच घेतला होता. त्यांचं काय झालं ते त्यांना विचारा.

एक उलटतपासणी पण केली कारण २४० हा आकडा मोबाईल म्हणतो म्हणून आपण मानला होता. पार्टनरने व्हिडिओ चालू असताना त्याच्या फोनवर नुसता आवाज रेकॉर्ड केलेला होता, टप्प्याचा टक टक. तो Audacity मध्ये उघडला, टप्प्याला लाटेत एकदम टोक उठतं, अगदी स्वच्छ दिसतं, आणि दोन टोकांमधला वेळ ०.८१७ सेकंद. १९६ फ्रेम भागिले ०.८१७ म्हणजे जवळजवळ २४०, मोबाईल खरं बोलत होता. पुढचं अंतर ०.६०४, भागाकार ०.७३९. तेव्हा पार्टनर माझ्याकडे असा बघत बसला की म्हणजे चार दिवस, टेप, खडू, ऊन, Tracker, हे सगळं करायची गरजच नव्हती? नुसता आवाज पुरला असता? मी म्हटलं e साठी पुरला असता रे, पण सरांनी व्हिडिओ सांगितलाय.

एवढं सगळं झाल्यावर उत्तर बरोबर आहे का हे कशावरून, तर टेनिसच्या नियमांत नवीन बॉल २५४ सेंटीमीटरवरून सोडला तर साधारण १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळला पाहिजे असं असतं, त्याची वर्गमुळं काढली तर e ०.७३ ते ०.७६. आमचा लव गेलेला बॉल, उंची वेगळी, फरशी वेगळी, तरी ०.७३९ त्यात बसतोय, खालच्या बाजूला. जुन्या बॉलकडून आणखी काय हवं.

जर्नलमध्ये तो निष्कर्ष मी एका रेघेने खोडला आणि खाली नवीन लिहिला. सरांनी नेहमी सांगितलंय की खोडलेलं वाचता आलं पाहिजे, व्हाइटनर चालणार नाही. त्यांनी सही करताना खोडलेलं पण वाचलं, चढत्या रेघेच्या आलेखाजवळ पेन्सिलीने बारीक "त्रिज्या!" लिहिलं आणि पान उलटलं. पार्टनरने त्याचा ०.७०६ पण तसाच ठेवला, शेजारी १.०७१ चा हिशोब. लाल पट्टी अजून पार्किंगच्या भिंतीवर आहे, काढायला गेलो तर रंगाचा पोपडा निघायला लागला म्हणून तशीच सोडली, वॉचमनकाकांना अजून कळलेलं नाही.